एका टक्क्याचा वारा

पुण्याहून नगरकडे येताना सुपे मागे पडायच्या सुमारास कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. गाडीतले कोणी ना कोणी हमखास विचारते, ‘अहो, यातल्या निम्म्या तर बंदच दिसतात! मग या परवडतात कशा?’ प्रश्न भाबडा वाटतो, पण पवन ऊर्जेचा सारा हिशेब त्यातच दडलेला आहे. गेली बरीच वर्षे अशा प्रकल्पांचे ताळेबंद आणि अंदाजपत्रके तपासण्याचे काम मी करीत आलो आहे. मला एवढे नक्की सांगता येईल, की पवनचक्की बंद दिसणे हा काळजीचा विषय नव्हे. ती वर्षभरात किती चालेल याचा अंदाज कागदावर कोणी आणि कसा मांडला, हा खरा काळजीचा विषय आहे.

नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) पर्जन्यछायेतला. आषाढातले ढग सह्याद्री ओलांडून पारनेरच्या पठारावर येतात, पण पाऊस मागे घाटमाथ्यावरच सांडून आलेले असतात. उरतो तो वारा. शेतकऱ्याला जो वारा नकोसा, तोच पवनचक्कीवाल्याचे पीक. टाटा पॉवरचा सुप्याचा १७ मेगावॅटचा प्रकल्प आणि पुढे खांडके येथील ५०.४ मेगावॅटचा प्रकल्प याच वाऱ्यावर उभे राहिले. पण मोठ्या कंपन्यांचे सोडा. ज्याने आपल्या धंद्यातली शिल्लक घालून एकच यंत्र विकत घेतले, अशा छोट्या गुंतवणूकदाराविषयी मला आज लिहायचे आहे. साठ यंत्रे असतील तर एकाचे नुकसान दुसरे भरून काढते. एकाच यंत्राला ती सोय नाही.

आधी एक शब्द समजून घेऊ. ८०० किलोवॅटचे यंत्र वर्षाचे ८७६० तास पूर्ण ताकदीने चालले, तर ७० लाख ८ हजार युनिट वीज देईल. तसे कोठेच होत नाही. वारा दर सेकंदाला साधारण तीन मीटरच्या आत असेल तर यंत्र वीजच देत नाही, आणि पूर्ण ताकदीला ते बाराएक मीटरच्या पुढे पोहोचते. प्रत्यक्षात मिळालेली वीज या कमाल विजेच्या किती टक्के, याला ‘क्षमता वापर’ म्हणतात. धंद्यातले लोक ‘सीयूएफ’ किंवा जुन्या सवयीने ‘पीएलएफ’ म्हणतात. आपल्याकडच्या चांगल्या जागांवर हा आकडा वीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान असतो, आणि त्यातला फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा. माघ-फाल्गुनात रस्त्यावरून जाणाऱ्याला यंत्रे थांबलेली दिसली, तर त्यात नवल नाही.

आता एक हिशेब मांडू. यंत्र ८०० किलोवॅटचे, २००७ च्या सुमाराचे. जमीन, जोडणी आणि उभारणीसह किंमत ४ कोटी ४० लाख धरू. त्या वेळी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा २४ नोव्हेंबर २००३ चा आदेश लागू होता. त्यानुसार पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर मिळे. म्हणजे तेराव्या वर्षी ५ रुपये ३० पैसे. त्यानंतरच्या सात वर्षांसाठी आपण अडीच रुपये धरू. देखभाल आणि विमा मिळून पहिल्या वर्षी सहा लाख, दरसाल पाच टक्के वाढ. यंत्राचे आयुष्य वीस वर्षे. पैशाची किंमत दहा टक्के. म्हणजे पुढच्या वर्षी मिळणारे एकशे दहा रुपये आजच्या शंभराच्या बरोबरीचे, त्याच्या पुढच्या वर्षीचे एकशे एकवीस रुपयेही आजच्या शंभराचेच. अशा रीतीने वीस वर्षांची सारी आवक आजच्या मोलात आणायची, त्यातून खर्च आजच्याच मोलात वजा करायचा, आणि सुरुवातीची गुंतवणूक वजा करायची. जे उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच ‘एनपीव्ही’. ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्पाने दहा टक्क्यांहून जास्त कमावले, खाली असेल तर पैसे बँकेतल्या ठेवीत बरे होते. (प्राप्तिकर तूर्त बाजूला ठेवला आहे. त्याच्याकडे नंतर यावेच लागेल.)

हा हिशेब करताना मी एक सोपी युक्ती वापरतो. यंत्राने दरवर्षी नेमाने फक्त एक युनिट दिले, तर वीस वर्षांत त्या एका युनिटपोटी मिळणाऱ्या पैशांचे आजचे मोल किती? वरच्या दरांनी ते ३३ रुपये ४० पैशांच्या आसपास येते. देखभालीचे आजचे मोल सुमारे ७३ लाख. ते किमतीत मिळवले की एकूण ५ कोटी १३ लाख वसूल व्हायला हवेत. भागाकार केला की उत्तर येते वर्षाला १५ लाख ३५ हजार युनिट. क्षमता वापर २१.९ टक्के. हा या यंत्राचा उंबरठा. आता त्याच्या अलीकडे-पलीकडे काय होते ते पाहा.

क्षमता वापराचा एक टक्का म्हणजे वर्षाला ७०,०८० युनिट. त्यांना ३३ रुपये ४० पैशांनी गुणले की २३ लाख ४० हजार रुपये. म्हणजे अंदाजपत्रकात २२ च्या जागी २३ लिहिणाऱ्याने एका अंकाने प्रकल्पाचे मोल सव्वातेवीस लाखांहून अधिक वाढवले! २५ टक्के धरले तर एनपीव्ही ७२ लाख नफ्यात. २३ टक्के धरले तर साडेपंचवीस लाख. २० टक्के धरले तर साडेचव्वेचाळीस लाखांचा तोटा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातले पंचवीस आणि डोंगरावरचे वीस यांत विजेचा फरक फक्त एकपंचमांश, पण मूल्याचा फरक १ कोटी १७ लाखांचा. कारण उघड आहे. पवनचक्कीला कोळसा लागत नाही. वारा कमी लागला म्हणून खर्च कमी होत नाही. यंत्राची किंमत पहिल्याच दिवशी देऊन झालेली असते, त्यामुळे युनिट घटले की सगळी घट थेट शिलकीतून जाते. शेतकरी निदान पेरणीनंतर पाऊस नसेल तर खताचा दुसरा हप्ता वाचवतो. येथे तीही सोय नाही.

साहजिकच विचारावेसे वाटते, की हा टक्का येतो कुठून? तो येतो वाऱ्याच्या मोजणीतून. मोजणीतल्या चुका वीजनिर्मितीत दुप्पट होऊन उतरतात. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. यंत्राला ती सारी पकडता येत नाही, म्हणून नगरसारख्या मध्यम वाऱ्याच्या जागी सरासरी वेगात दहा टक्के फरक पडला, तर वार्षिक विजेत ढोबळमानाने वीस टक्के फरक पडतो. म्हणजे सेकंदाला ६ मीटर समजलो आणि निघाला ५.४, तर आपले पंचवीसचे वीस झालेच.

आणि असा फरक सहज होतो. पूर्वी वारा मोजण्याचे बरेच मनोरे वीस-पंचवीस मीटर उंचीचे असत, आणि यंत्राचा पंखा फिरतो पन्नास-पंचाहत्तर मीटरवर. मधल्या उंचीतली वाढ सूत्राने काढायची. त्या सूत्रातला घातांक सपाट, मोकळ्या माळासाठी एकसप्तमांश, म्हणजे ०.१४ च्या आसपास धरतात. त्याने पंचवीस मीटरवरचा वारा पंचाहत्तर मीटरवर सतरा टक्के वाढतो. पण आपली यंत्रे माळावर नाहीत, पठाराच्या कडेवर आहेत. कडेवर चढताना वारा जमिनीलगतच दाबला जाऊन वेग घेतो, मग वर गेल्यावर फारसा वाढत नाही. तिथे घातांक ०.१० निघाला तर वाढ साडेअकरा टक्केच. वेगात पाचेक टक्के फरक, विजेत दहाएक टक्के. २३ चे २१ झाले आणि साडेपंचवीस लाखांचा नफा एकवीस लाखांच्या तोट्यात गेला. कोणी खोटे बोलले नाही, कोणी चोरी केली नाही. पुस्तकातला घातांक डोंगरावर नेला, इतकेच. म्हणून मी नेहमी विचारतो, ‘मनोरा किती उंचीचा? दोन उंचींवर मोजले का? मनोऱ्यापासून यंत्र किती दूर, आणि मधे दरी आहे का?’ या प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतील तर अहवाल कितीही जाड असो, त्यातला टक्का हवेतलाच.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात कमी येते. यंत्र पुरवणारा ‘९७ टक्के उपलब्धते’ची हमी देतो. ऐकायला छान वाटते. पण ती हमी तासांची असते, युनिटांची नव्हे. तीन टक्के म्हणजे वर्षाचे २६३ तास. हे तास जानेवारीतल्या दुरुस्तीत गेले तर नुकसान नगण्य. तेच ऐन जुलैत गेले, जेव्हा यंत्र तासाला सहाशे युनिट देत असते, तर दीड लाखाहून अधिक युनिट बुडतात. वर्षाच्या सोळा लाखांतला दहावा हिस्सा! तीन टक्के वेळ आणि दहा टक्के पीक. बिघाड तर पावसाळ्यातच होतात, कारण तेव्हाच यंत्रावर ताण असतो आणि वीजवाहिन्याही तेव्हाच पडतात. वाहिनी बंद असल्याने वाया गेलेला वेळ बहुतेक करारांत हमीतून वगळलेला असतो. करार वाचताना ‘उपलब्धता’ या शब्दाची व्याख्या कोणत्या पानावर आहे ते आधी शोधावे.

येथवर आलो की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: एखाद-दुसरे वर्ष कमी गेले तरी सरासरी भरून निघेलच की! निघते, पण पूर्ण नाही. आपलेच यंत्र घ्या. २३ टक्क्यांच्या हिशेबात पहिली तीन वर्षे दहा टक्के कमी गेली आणि अकरावे, बारावे, तेरावे वर्ष तितकेच जास्त गेले असे समजा. एकूण युनिट तितकेच. पुढच्या वर्षांचा दर तर जास्तच. तरी आजच्या मोलात साडेचौदा लाख गेले आणि आठच परत आले. मूल्य साडेपंचवीसवरून एकोणीस लाखांवर उतरले. शिवाय बँक थांबत नाही. किमतीच्या साठ टक्के, म्हणजे २ कोटी ६४ लाख कर्ज, दहा वर्षे, अकरा टक्के व्याज, तर वर्षाचा हप्ता सुमारे ४५ लाख. २३ टक्क्यांनी पहिल्या वर्षी देखभाल जाऊन पन्नास लाख हाती येतात, हप्ता भागतो. २० टक्क्यांनी ४३ लाख येतात, पदरचे पावणेदोन लाख घालावे लागतात. अकराव्या वर्षीचा सुकाळ पहिल्या वर्षीचा हप्ता भरू शकत नाही.

म्हणून जाणकार एकच टक्का सांगत नाहीत, दोन सांगतात. जितकी शक्यता जास्त होण्याची तितकीच कमी होण्याची, असा मधला आकडा म्हणजे ‘पी-५०’. आणि शंभरांत नव्वद वेळा ज्याच्या वरच राहील असा आकडा म्हणजे ‘पी-९०’. आपला मधला अंदाज २३ टक्के आणि त्यातली अनिश्चितता दहा टक्के असेल, तर पी-९० येतो २० टक्के. उंबरठा २१.९ चा. या अनिश्चिततेत उंबरठ्याच्या खाली राहण्याची शक्यता शंभरात सुमारे बत्तीस. मधल्या आकड्यावर साडेपंचवीस लाख नफा दाखवणारा प्रकल्प दर तिघांतल्या एकाला बुडवू शकतो, ही गोष्ट एका आकड्याच्या अंदाजपत्रकातून कधीच दिसत नाही.

मग इतके असूनही लोकांनी यंत्रे घेतली कशी? येथे बाजूला ठेवलेला प्राप्तिकर आठवायला हवा. त्या काळात पवनचक्कीवर ८० टक्के घसारा पहिल्याच वर्षी मिळे. ४ कोटी ४० लाखांवर ३ कोटी ५२ लाखांचा घसारा, आणि त्या वेळच्या कंपनी कराच्या ३३.९९ टक्के दराने जवळजवळ १ कोटी २० लाख कर पुढे ढकलला जाई. हा आकडा आधी आलेल्या १ कोटी १७ लाखांच्या शेजारी ठेवून पाहा. पंचवीस आणि वीस यांतल्या फरकाएवढी रक्कम पहिल्याच वर्षी करातून हाती येत होती, वारा असो वा नसो! (पुढे उत्पन्नावर कर भरावा लागतो, म्हणून ही सगळी बचत नव्हे, पण पहिल्या वर्षीच्या पैशाचे मोल आपण वर पाहिलेच.) यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर घसारा निम्मा, म्हणून सप्टेंबर संपण्याच्या आत यंत्र सुरू करण्याची धावपळ असे. म्हणजे वाऱ्याचा हंगाम सरत आल्यावर यंत्र उभे राही आणि कोणाला त्याचे काही वाटत नसे. जो कर वाचवायला यंत्र घेतो, तो मनोऱ्याची उंची कशाला विचारील? डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने घसाऱ्याऐवजी युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन घेण्याचा पर्याय आणला. प्रत्यक्ष विजेला बक्षीस देणारी ही योजना मला तत्त्वतः अधिक पटली होती. घसारा पुढे कधी घटला, कधी परतला, आणि एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. आयोगानेही २०१० च्या विनियमांत जागांचे चार वर्ग करून क्षमता वापर २०, २३, २७ आणि ३० टक्के असा वेगवेगळा धरला, आणि कमी वाऱ्याच्या जागेला जास्त दर दिला. म्हणजे एकच टक्का साऱ्या डोंगरांना लावता येत नाही, हे अधिकृतपणे मान्य झाले.

तेरा वर्षांनंतरच्या अडीच रुपयांविषयी दोन शब्द. त्या काळच्या कित्येक तक्त्यांत तेराव्या वर्षीचे ५ रुपये ३० पैसे पुढे विसाव्या वर्षापर्यंत बिनदिक्कत ओढलेले मी पाहिले आहेत. तेवढ्याने २३ टक्क्यांच्या प्रकल्पात ६३ लाखांची भर पडते. फेब्रुवारी २०१७ च्या देशातल्या पहिल्या पवन लिलावात नव्या यंत्रांचा दर ३ रुपये ४६ पैशांवर आला, आणि त्याच वर्षाअखेर गुजरातमध्ये २ रुपये ४३ पैशांवर. नवी वीज या भावात मिळत असताना जुन्या यंत्राला सव्वापाच रुपये कोण देणार?

त्या दिवसांत नगरच्या मार्केट यार्डातले एक भुसार व्यापारी माझ्याकडे असाच एक प्रस्ताव घेऊन आले होते. यंत्र ८०० किलोवॅटचे, किंमत ४ कोटी ४०, आणि तक्त्यात ठळक अक्षरांत २५ टक्के. मी त्यांना उंबरठ्याचा हिशेब दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘साहेब, आम्ही कांदा घेताना चाळीत हात घालून बघतो. इथं हात कुठं घालायचा?’

मी म्हटले, ‘शेजारच्या यंत्रात.’

त्या डोंगरावर तशीच यंत्रे आधीपासून उभी होती. दर महिन्याला वीज कंपनीचे आणि मालकाचे लोक मिळून उपकेंद्रातला मीटर वाचतात. त्या संयुक्त नोंदीवरच बिल निघते. यंत्राच्या बुडाशी असलेल्या पडद्यावरचा आकडा दोन-चार टक्के जास्त असतो, कारण मधल्या वाहिनीतली गळती त्यात धरलेली नसते. पैसे मिळतात ते उपकेंद्रातल्या नोंदीचे. व्यापारी गृहस्थांची ओळख कामी आली आणि ओळीतल्या दोन मालकांची तीन-तीन वर्षांची बिले मिळाली. ती महिन्यावार मांडली, वाहिनी बंद असलेले दिवस वेगळे काढले, आणि ती तीन वर्षे वाऱ्याच्या दृष्टीने भरीची होती की तुटीची, हे जवळच्या जुन्या मनोऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिले. नवे यंत्र दुसऱ्या ओळीत येणार होते, म्हणजे पुढच्या यंत्रांनी वापरलेला वारा त्याच्या वाट्याला येणार, म्हणून थोडी वजावट केली. आकडा आला साडेवीस.

साडेवीस टक्क्यांना ते यंत्र किती किमतीला घ्यावे, हे मग उलट्या हिशेबाने निघते. १४ लाख ३७ हजार युनिट, गुणिले ३३ रुपये ४० पैसे, वजा देखभाल. ४ कोटी ७ लाख. मी तो आकडा कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. ‘करसवलत धरून घ्यायचे तर घ्या, तो तुमच्या सीएंचा विषय,’ म्हटले. ‘पण वाऱ्यासाठी याहून एक पैसाही जास्त देऊ नका.’

विक्रेता ४ कोटी २५ पर्यंत खाली आला आणि तेथे अडला. पहिल्या ओळीतली एक जागा अजून रिकामी आहे का, हे विचारायला व्यापारी गृहस्थ पुन्हा त्याच्याकडे गेले.